मोठी प्रिंट लावण्याआधी ग्रॅम, तास आणि रुपये: स्लायसरच्या आकड्यावर किती विसंबायचं?

बाळीवेस_ट्रॉफी

नमस्कार मंडळी. सोलापुरात ट्रॉफी आणि नेमप्लेटचं दुकान आहे. वर्षभरापासून बाजूला एक थ्रीडी प्रिंटर ठेवलाय. आजवर की-चेन, मोबाईल स्टँड, नावाची अक्षरं अशी किरकोळ कामं केली. आता एका गिऱ्हाईकाला सिद्धेश्वर मंदिराची प्रतिकृती हवी आहे, पाया २४ सेंमी, गड्ड्याच्या यात्रेआधी. मॉडेल त्यांच्याच मुलाने बनवलंय आणि ते खरंच सुंदर आहे, खांबांवरचं नक्षीकामही घेतलंय.

प्रुसास्लायसरमध्ये टाकलं तर ६४० ग्रॅम पीएलए आणि ३८ तास दाखवतोय. इन्फिल १५ टक्के, लेयर ०.२. मशीन साधं, बेड पुढे-मागे हलणारं, मार्लिन फर्मवेअरचं. गिऱ्हाईकाला दर उद्या सांगायचाय. छोट्या कामांत पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर कोणी विचारत नाही, पण इथे दीड दिवस मशीन अडकणार. हे ६४० आणि ३८ कितपत खरे मानायचे? आणि रुपयांचा हिशोब तुम्ही कसा करता?

विडी_घरकुल

३८ तास म्हणजे अर्धा यज्ञच की. मशीनला नारळ फोडून बसवा.

टूलरूम_काका

ग्रॅम आणि तास हे दोन आकडे सारख्या विश्वासाचे नाहीत, म्हणून आधी ते वेगळे करा.

ग्रॅमचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. नोझलमधून किती मिलिमीटर तार ढकलायची हे स्लायसर स्वतःच ठरवतो, त्यामुळे लांबी त्याला नेमकी माहीत असते. त्या लांबीला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने आणि घनतेने गुणलं की वजन आलं. १.७५ ची पीएलए तार मीटरला साधारण ३ ग्रॅम भरते, म्हणजे तुमचे ६४० ग्रॅम सुमारे २१५ मीटर. चूक होते ती फिलामेंटच्या प्रोफाइलमध्ये. पीएलएची घनता १.२४ आहे, पीईटीजीची १.२७, एबीएसची जेमतेम १.०४. पीएलएच्या प्रोफाइलवर एबीएस छापलं तर ग्रॅमचा आकडा बराच जास्त दिसणार. लाकडाचा भुसा किंवा धातूची पूड घातलेल्या तारेला तर रोलवरचीच घनता बघून टाकावी लागते.

तासांचं तसं नाही. तुमचं मशीन किती जोरात वेग पकडतं आणि सोडतं, याबद्दल स्लायसरने काहीतरी धरलेलं असतं. ते धरलेलं खरं असेल तर वेळही खरी. नसेल तर नक्षीकामाच्या मॉडेलमध्ये दीडपटही लागू शकते.

आधी एक करा. स्लाइस झाल्यावर प्रिव्ह्यूमध्ये डावीकडे रंगांची यादी येते, त्यात प्रत्येक प्रकाराला किती वेळ आणि किती ग्रॅम ते दिसतं. ते इथे टाका.

अशोक_चौक_०७

एवढं कशाला? इन्फिल १५ चं ७ करा. प्लास्टिक अर्धं, वेळ अर्धा. शोपीसच तर आहे, त्यावर कोण उभं राहणारे?

पॉवरलूम_गडी

काका, मीटरला ३ ग्रॅम वाचून बरं वाटलं. आमच्याकडं सुताचं गणित असंच चालतंय बगा. ९००० मीटरचं वजन किती ग्रॅम ते डेनियर. म्हंजे ही तार सत्तावीस हजार डेनियरच्या आसपास झाली की! चादरीला सूत किती लागंल हे बीम भरायच्या आधी काढतो तसंच हे.

बाळीवेस_ट्रॉफी

काका, यादी बघितली. सपोर्ट १५० ग्रॅम, आतलं इन्फिल ११०, बाहेरच्या आणि आतल्या भिंती मिळून २७०, भरीव थर (वरचे-खालचे) ९५, बाकी किरकोळ १५.

टूलरूम_काका

आता अशोकरावांचं उत्तर यातच आलं. इन्फिल निम्मं केलं तर ११० चे ५५ होतील. ६४० मधले ५५. प्लास्टिक अर्धं होत नाही, जेमतेम बारावा हिस्सा वाचतो. शिवाय ७ टक्क्यांवर गच्चीसारख्या सपाट भागाखालच्या जाळीत मोठी भोकं राहतात आणि वरचा थर खाली झोळ धरतो. मग तो झाकायला वर आणखी दोन थर द्यावे लागतात, आणि वाचलेलं तिथेच जातं.

इन्फिल कमी करून खूप फरक पडतो तो ठोकळ्यासारख्या वस्तूंत. मंदिरात खांब, कमानी, कोनाडे, म्हणजे पृष्ठभागच पृष्ठभाग. तिथे माल भिंती खातात.

माझी नजर सपोर्टच्या १५० वर गेली. ते तुम्ही छापणार, त्याला वेळ देणार आणि शेवटी पक्कडीने ओढून फेकून देणार. तेही मोजून फेकून देणार, कारण ६४० मध्ये ते धरलेलं आहे. शिखर आणि मंडप वेगळे कापून छापता येतील का बघा.

अशोक_चौक_०७

ठीक आहे, मी फुलदाणीच्या अनुभवावरून बोललो. पण इन्फिलने वेळ तरी बऱ्यापैकी वाचतो, यावर मी ठाम आहे. इन्फिल लांब रेषांत फिरतं, मशीन पळतं.

टूलरूम_काका

त्याच कारणाने उलटं होतं. लांब रेषांत मशीन पळतं, म्हणून इन्फिलचा ग्रॅम सगळ्यात कमी वेळात पडतो. वेळ खातात त्या बारीक भिंती.

रांगोळी_साचे

मला हा सगळा धागा वाचून आश्चर्य वाटतंय. मी रांगोळीचे आणि करंजीचे साचे करते. माझ्या मशीनवर स्लायसर जी वेळ सांगतो त्यात पाच मिनिटांचा फरक पडत नाही, आणि मी दिवसभर छापत असते. मशीनच्या कंपनीचाच स्लायसर आहे. वेळेवर विसंबू नका हे सरसकट सांगणं मला पटत नाही.

टूलरूम_काका

ताई, तुमचं म्हणणं तुमच्या मशीनपुरतं पूर्ण खरं आहे. मशीन आणि स्लायसर एकाच घरचे असले की मशीनच्या मर्यादा त्या प्रोफाइलमध्ये नेमक्या भरलेल्या असतात. बाळीवेसकरांचं मशीन एकाचं, स्लायसर दुसऱ्याचं, आणि प्रोफाइल बहुतेक तिसऱ्याच मशीनचं घेतलेलं. फरक तिथे पडतो.

थोडं आकड्यांत सांगतो. मशीनचा त्वरण ५०० असेल आणि तुम्ही वेग १५० मागितला, तर थांबलेल्या स्थितीतून १५० गाठायला हेडला साडेबावीस मिलिमीटर धावावं लागतं, आणि पुन्हा थांबायला तेवढंच. म्हणजे ४५ मिलिमीटरपेक्षा छोट्या सरळ रेषेत ते १५० वर पोचतच नाही. खांबावरच्या नक्षीत रेषा दोन-तीन मिलिमीटरच्या. कोपऱ्यावर हेड पूर्ण थांबत नाही, त्यामुळे खरं चित्र थोडं सौम्य असतं, पण दिशा हीच. तिथे वेगाचा आकडा वाढवून काहीही होत नाही.

आता स्लायसरने त्वरण १५०० धरला असेल तर त्याच्या हिशोबात तीच उडी साडेसात मिलिमीटरमध्ये होते. प्रत्येक छोट्या रेषेवर तो थोडा-थोडा कमी वेळ मोजत जातो, आणि अशा लाखो रेषा असतात.

बाळीवेसकर, मशीनला कॉम्प्युटर जोडा, `M503` पाठवा आणि काय येतं ते सांगा.

जुळे_सोलापूर

विषय निघालाच आहे तर, सोलापुरात पीईटीजी रोल दुकानात कुठे मिळतो? पुण्याहून मागवला की चार दिवस जातात.

विडी_घरकुल

@जुळे_सोलापूर, खरेदीचा वेगळा धागा आहे, तिथे विचारा. इथे मंदिर अर्ध्यावर आहे.

बाळीवेस_ट्रॉफी

काका, बरीच मोठी यादी आली, त्यातल्या कामाच्या ओळी या असाव्यात:

```
M203 X500.00 Y500.00 Z5.00 E25.00
M201 X500.00 Y500.00 Z100.00 E5000.00
M204 P500.00 R1000.00 T500.00
```

आणि स्लायसरमध्ये प्रिंटरच्या टॅबखाली `Machine limits` मध्ये एक्स-वायला १५०० आहे. वर `Use for time estimate` निवडलेलं आहे.

टूलरूम_काका

सापडलं. `M201` ही वरची मर्यादा आहे, `M204` हे रोजचं. दोन्ही ५००. स्लायसर १५०० धरून बसलाय, आणि ते आकडे फक्त वेळ मोजायला वापरतोय, मशीनला पाठवत नाही. त्यामुळे मशीन आपल्या ५०० वरच चालणार. खालच्या `M205` च्या ओळीतले आकडेही बघून भरा, कोपऱ्यावरचा वेग त्यावर ठरतो.

तिथे `Emit to G-code` निवडलं तर स्लायसर हे आकडे मशीनला पाठवेल आणि मशीन १५०० वर पळायला लागेल. बेड हलणाऱ्या मशीनवर अर्धा किलोचं उंच मंदिर ठेवून हे करू नका. आहे तेच खरं धरा आणि स्लायसरला खरं सांगा.

भरून झालं की अख्खं मंदिर लावू नका. मॉडेलचा खांबांचा एक सेंटिमीटर जाडीचा काप कापा, तेवढाच छापा आणि घड्याळ लावा. घड्याळ पहिला थर सुरू झाल्यापासून, कारण बेड आणि नोझल तापण्याचा वेळ स्लायसर मोजत नाही.

क्लिपर_प्रेमी

ज्यांच्याकडे मार्लिनऐवजी क्लिपर फर्मवेअर आहे त्यांच्यासाठी: `M503` वगैरे इथे लागू नाही, आणि `M201`, `M203` क्लिपरला कळतही नाहीत. `printer.cfg` मध्ये `max_accel` आणि `square_corner_velocity` बघायचे. मी तर स्लायसरची वेळ बघतच नाही. प्रिंट सुरू करतो, एक तास झाला की टक्केवारीवरून गुणाकार करतो.

टूलरूम_काका

पहिलं अगदी बरोबर आणि उपयोगाचं. दुसऱ्याबद्दल सावध राहा. टक्केवारी बऱ्याचदा फाइल किती वाचून झाली यावर असते. मंदिराचा पाया सपाट, लांब रेषांचा, तिथे थोड्या ओळींत भरपूर वेळ जातो. वर नक्षी आली की ओळी भराभर संपतात, वेळेचं नातं बदलतं. पहिल्या तासावरून शेवटच्या तासाचा अंदाज निघत नाही. आणि मुख्य म्हणजे दर सांगायचाय उद्या, प्रिंट सुरू होण्याआधी.

बाळीवेस_ट्रॉफी

काप छापला. जुन्या सेटिंगवर स्लायसर त्याला १ तास ३० मिनिटं सांगत होता, प्रत्यक्षात २ तास १५ मिनिटं लागली. खऱ्या मर्यादा भरल्यावर स्लायसर त्याच कापाला २ तास १० मिनिटं सांगतो! अख्ख्या मंदिराचे ३८ तासांचे ४९ झाले. काप वजनकाट्यावर ठेवला तर ग्रॅम जवळजवळ तंतोतंत.

एक शंका. कापाला दीडपट लागला, मग अख्ख्याला ५७ का नाही?

टूलरूम_काका

कारण काप तुम्ही सगळ्यात नक्षीदार जागेचा घेतला. पाया आणि भिंतींचे सपाट भाग तितके चुकत नाहीत, म्हणून एकूण फरक कमी. एका कापाची पट काढून सगळ्याला लावायची पद्धत म्हणूनच अर्धवट आहे. काप हा सेटिंग बरोबर आहे का ते तपासायला घ्यायचा. वरची ती पाच मिनिटं सोडून द्या.

अशोक_चौक_०७

माझा रुपयांचा हिशोब सोपा आहे. ग्रॅमला ४ रुपये, सपोर्टसकट. गिऱ्हाईकाला समजतं, वाद होत नाहीत. ६४० चे २५६० झाले, सांगून टाका.

रांगोळी_साचे

मी ग्रॅमवर कधीच घेत नाही. करंजीचा साचा वजनाला काहीच नसतो, पण मशीन तेवढा वेळ दुसरं काही करू शकत नाही. माझा दर तासावर आहे, माल वेगळा. आणि सफाईचे हात वेगळे.

बाळीवेस_ट्रॉफी

दरम्यान काकांचं ऐकून मॉडेल चार तुकड्यांत कापलं. शिखर वेगळं, मंडप वेगळा, पाया दोन भागांत. शिखर सपाट कापावर उभं राहिल्याने सपोर्ट १५० वरून ४५ वर आला. कापलेल्या तोंडांवर भरीव थर वाढले, त्याचे १० ग्रॅम जास्त. एकूण ५४५ ग्रॅम, ४१ तास. सगळ्यात लांब तुकडा १४ तासांचा.

आणि इथेच ग्रॅमच्या दराचं मला नवल वाटलं. अशोकभाऊंच्या हिशोबाने आधी २५६० मिळाले असते, आता २१८० मिळतील. डोकं लावून कचरा कमी केला तर मलाच कमी पैसे?

अशोक_चौक_०७

पण मशीनचे आठ तासही सुटले ना? त्यात दुसरं काम घ्या. तासाचा दर गिऱ्हाईकाला सांगितला की ते म्हणतं, तुमचं मशीन हळू आहे त्याचे पैसे मी का देऊ. याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

रांगोळी_साचे

उत्तर आहे. गिऱ्हाईकाला तासाचा दर सांगायचाच नाही. आत तासावर काढायचं, बाहेर एकच रक्कम सांगायची.

टूलरूम_काका

तुकडे केल्याचा आणखी एक फायदा रुपयांत धरा. लांब प्रिंट बिघडण्याची शक्यता तासांबरोबर वाढते. ४१ तास एकसंध असोत की चार तुकड्यांत, बिघाड साधारण तितकेच होतील. पण एकसंध प्रिंट बिघडली तर सरासरीने निम्मं मंदिर जातं. तुकडा बिघडला तर निम्मा तुकडा. नुकसान जवळपास चौथाईवर येतं. मोबदल्यात सांधे भरण्याचं, घासण्याचं काम वाढतं, आणि नक्षीवर सांधा आला तर तो दिसतो. कापताना कापाची रेषा कंगोऱ्याखाली लपवा.

विडी_घरकुल

लाईट गेली तर? आमच्या गल्लीत उन्हाळ्यात रोजचं आहे. मशीनला "पुढे चालू" ची सोय आहे म्हणतात.

पॉवरलूम_गडी

ती सोय आहे खरी. पण लाईट येस्तोवर बेड गार पडतंय आणि पीएलए स्वतःहून सुटून बसतंय. मग हेड येऊन पुढं ढकलतंय. पाच-दहा मिनिटं तग धरायला यूपीएस लावा, तासभर गेली तर देवाच्या हवाली. १४ तासाचा तुकडा रात्री लावा, आमच्याकडं रात्री लाईट टिकतीय.

बाळीवेस_ट्रॉफी

रोल किलोला ९०० रुपयांचा, म्हणजे ५४५ ग्रॅमचे ४९० रुपये. विजेसाठी प्लगला वॉटमीटर लावून कापाच्या वेळी बघितलं, सरासरी १२० वॉट. ४१ तासांना ५ युनिटच्या आत. माझ्या बिलावर सगळे आकार धरून युनिट १० रुपयांच्या आसपास पडतं, तर ५० रुपये धरले. वीज इतकी कमी असेल असं वाटलं नव्हतं. बिघाडासाठी ६०. असे ६०० झाले. मशीनला तासाला २५ धरले तर १०२५. सपोर्ट काढणं, जोडणं, घासणं तीन तास, तासाला १५० प्रमाणे ४५०. बेरीज २०७५.

एक प्रश्न राहिला. चालू रोल वजन केला तर ८१२ ग्रॅम, त्याच कंपनीचं रिकामं चाक २१५. म्हणजे ५९७ उरलेत. ५४५ ला पुरतील, नाही का?

टूलरूम_काका

सगळं नीट गेलं तर पुरतील. आधीच्या ६४० ला पुरलेच नसते. पण सगळ्यात मोठा तुकडा एकदा शेवटाकडे बिघडला की हे संपलं, आणि त्याच रंगाचा नवा रोल आणला तरी छटा किंचित वेगळी निघू शकते. एकाच मंदिरात दोन छटा दिसतील. नवा रोल आणून चारही तुकडे त्यावर करा, जुना की-चेनला ठेवा. आणि १५० च्या हिशोबात तुमची मेहनत कमी धरलीये, पण ते तुम्ही ठरवा.

बाळीवेस_ट्रॉफी

गिऱ्हाईकाला २४०० सांगितले. ते म्हणाले, ८० टक्के आकारात करा, निम्म्या पैशात होईल ना? ८० टक्क्यांचा घन काढला तर ५१ टक्के येतो, म्हणून त्यांचं म्हणणं मला आधी बरोबर वाटलं. पण स्लायसर ३३५ ग्रॅम आणि २७ तास सांगतोय.

टूलरूम_काका

घन भरीव वस्तूला लागू. तुमचा माल भिंतींत आहे, आणि भिंतीची जाडी मॉडेल लहान केलं तरी तीच राहते, ०.४ च्या नोझलच्या दोन-तीन रेषा. म्हणून वजन वर्गाच्या जवळ, म्हणजे ६४ टक्क्यांकडे जातं. तुमचे ३३५ म्हणजे ६१ टक्के. वेळ त्याहून थोडी जास्त, कारण रेषा आणखी छोट्या झाल्या. आणि घासण्या-जोडण्याचे तीन तास तेवढेच राहतात, ते कुठेच कमी होत नाहीत.

प्रिव्ह्यूमध्ये खांबांवरची नक्षी मोठी करून बघा. ८० टक्क्यांत एका रेषेपेक्षा बारीक झालेले भाग स्लायसर गाळून टाकतो. ते गिऱ्हाईकाला स्क्रीनवर दाखवा.

बाळीवेस_ट्रॉफी

दाखवलं. कळसाखालची जाळी आणि दोन खांबांच्या कडा गायब होत्या. मुलाने स्वतः बघितलं आणि २४ सेंमीच करायचं ठरलं. नवा रोल मागवलाय. पहिला तुकडा पायाचा, तो दिवसा लावतो. शिखराचा रात्री.

अशोक_चौक_०७

झाल्यावर चारही तुकड्यांचं खरं वजन आणि खरे तास इथे टाका. ग्रॅमच्या दरावरचा माझा मुद्दा अजून संपलेला नाही.